आईचे कुठले दागिने?

ताई,
मी भोसरीतल्या एका उद्योजकांसाठी लिंक्डइनवर लिहिते. सीएनसीवर सुटे भाग बनवायचा कारखाना आहे, स्वतः उभा केलेला. त्यांना सगळे दादा म्हणतात, मीही म्हणते. आठवड्याला दोन पोस्ट, मराठीत, कारण त्यांचे वाचक सगळे आपल्याकडचेच लघुउद्योजक. दादा मला महिन्यातून एकदा वीस मिनिटं देतात, तीही गाडीतून, फोनवर. बाकी मी जुळवते. मागच्या महिन्यात 'सुरुवातीचे दिवस' या विषयावर लिहिताना मी त्यांच्या आईने दागिने गहाण ठेवून पहिलं मशीन घेऊन दिलं असं घातलं. पोस्ट खूप चालली. मग त्यांच्या थोरल्या भावाचा फोन आला, "आईचे कुठले दागिने?" दादा मला रागावले नाहीत, पण म्हणाले, "सगळं छान असतं गं, पण ते माझं वाटत नाही." मी काय बदलू? त्यांच्यासारखं लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?
— एक लेखनिक, मोशी

प्रिय लेखनिक,

आधी दागिन्यांचं. आज संध्याकाळच्या आत तो परिच्छेद काढ. पोस्ट दुरुस्त करता येते, नावाखाली 'Edited' एवढं दिसतं, दिसू दे. पोस्ट अख्खी उडवू नकोस. चाललेली पोस्ट अचानक गायब झाली की लोक त्याचीच चर्चा करतात, आणि भोसरीत अशी चर्चा चहाच्या टपरीपर्यंत पोहोचायला अर्धा दिवस पुरतो. काढलेल्या जागी काय लिहायचं ते दादांना विचार. एक वाक्य त्यांच्या तोंडून येईल, ते जसंच्या तसं टाक.

मला त्या परिच्छेदात खोटेपणाइतकाच आणखी एका गोष्टीचा त्रास झाला. तो कुणाचाही असू शकला असता. आईचे दागिने, वडिलांची सायकल, पहिल्या पगारातली साडी. हे किस्से आपल्या सगळ्यांच्या डोक्यात तयार शिवलेले पडून असतात आणि माहिती कमी पडली की हात आपोआप तिकडे जातो. तुझ्याकडे महिन्याला २० मिनिटं आणि ८ पोस्ट. म्हणजे एका पोस्टमागे अडीच मिनिटांचा माणूस. उरलेलं तू भरणारच, दुसरं काय करशील? तेव्हा बदलायची पहिली गोष्ट लिखाणात नाही, दादांच्या वेळापत्रकात आहे. आठवड्याला दोनऐवजी महिन्याला तीन पोस्ट लिही, आणि त्यांच्याकडून महिन्याला ४० मिनिटं समोरासमोर माग. नकार आला तर हे काम सोड, असं मी अगदी सहज सांगू शकते, कारण घरभाडं तुला भरायचंय. पण पोस्ट कमी करायला बहुतेक मालक आनंदाने तयार होतात. त्यांनाही त्या 'छान' पोस्टचं ओझं झालेलं असतं.

आता 'त्यांच्यासारखं लिहायचं म्हणजे काय'. हे नुसतं समजावून सांगण्यापेक्षा एक पोस्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत कशी झाली ते सांगते. गृहस्थ तुझ्या दादांसारखेच आहेत, त्याच पट्ट्यातले, शाफ्ट आणि पिना वळवून देतात. किस्सा सांगायला त्यांची परवानगी आहे, नाव सांगायला नाही. आपण त्यांना काका म्हणू, का ते पुढे कळेल.

२०२४ चा उन्हाळा. त्यांना 'वेळेवर पेमेंट' या विषयावर लिहायचं होतं. मी गुरुवारी गेले. गुरुवारी त्या भागातल्या कारखान्यांना सुट्टी असते, मशीन बंद असतात आणि मालक मात्र हिशेबाला येऊन बसलेला असतो. अशा माणसाशी बोलण्यासारखी दुसरी वेळ नाही. ऑफिसात बसले असते तर मला केबिनमधली भाषा मिळाली असती. शॉपमध्ये, कूलंटच्या वासात, बंद मशीनला टेकून उभं राहिलं की माणूस वेगळा बोलतो. रेकॉर्डर चालू केला, तो त्यांना दाखवला आणि बाकावर ठेवला.

पहिला प्रश्न मी चुकीचा विचारला. "उशिरा होणाऱ्या पेमेंटबद्दल तुमचं मत काय?" त्यावर जे उत्तर आलं ते तू झोपेतही लिहू शकशील. लघुउद्योग कणा आहे, विश्वास महत्त्वाचा, मोठ्यांनी छोट्यांना जपावं. मत विचारलं की माणूस सभेत उभा राहतो. मग मी विचारलं, "पैशावरून शेवटचा फोन कधी आला होता? कोण काय बोललं?" ते जरा थांबले. मग जे आलं ते मी तसंच उतरवून देते, अडखळण्यासकट. त्यातलं 'उद्यम' म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी.

"आता बघा, मार्चमध्ये, वीस-बावीस तारीख असेल, त्यांच्या अकाउंट्सच्या पोराचा फोन. पोरगाच तो, नवीन लागलाय. मला म्हणतो, काका, तुमचं उद्यम सर्टिफिकेट रद्द करता येईल का. मी म्हटलं, का रे बाबा. तर म्हणे, साहेब म्हणतात नाहीतर एप्रिलपासून ऑर्डर दुसरीकडे. काका म्हणाला मला. धमकी, पण काका म्हणून. सतरा वर्षं काम करतोय त्यांचं. मी काय म्हणालो? बघतो म्हणालो. बघतो म्हणजे काय, घाबरलो. तो नवीन कायदा आला ना पंचेचाळीस दिवसांचा, एमएसएमईचा, त्याच्यामुळं. चांगला कायदा, पण बघा काय झालं. आणि रात्री झोप नाही मला. ऑर्डरचं सोडा. आमचा प्लेटिंगवाला आहे. त्याचं बिल मी कधी देतो? मी पण नव्वदलाच देतो. त्याचं उद्यम आहे का नाही, मी कधी विचारलं पण नाही."

४० मिनिटांच्या बोलण्यात हा तुकडा दीड मिनिटाचा. बाकीचं सगळं मी त्याच रात्री शब्दशः कागदावर उतरवलं, तीन तास लागले. हे काम दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. उतरवताना तोच आवाज पुन्हापुन्हा कानावर पडतो आणि माणूस वाक्य कुठे तोडतो, कुठल्या शब्दापाशी परत येतो, हे तिसऱ्यांदा ऐकताना कळतं. काका 'काका म्हणाला मला' इथे परत आले होते. पैशांपेक्षा त्यांना ते टोचलं होतं. नुसते मुद्दे टिपले असते तर माझ्या वहीत 'ग्राहकाकडून उद्यम रद्द करण्याचा दबाव' एवढंच आलं असतं आणि तो काका हरवला असता.

उतरवून झाल्यावर मी एक जुनी सवय पाळते. ज्या वाक्याखाली दुसऱ्या कुठल्याही कारखानदाराचं नाव घातलं तरी चालेल, ते वाक्य पेन्सिलने खोडायचं. कणा गेला, विश्वास गेला, मोठ्यांनी छोट्यांना जपावं तेही गेलं. १४ पानांपैकी दीड पान उरलं. त्या दीड पानात पोस्ट असते. आणि ज्या दिवशी काहीच उरत नाही त्या दिवशी पोस्ट नाही, पुन्हा भेटायचं.

तरीही माझा पहिला खर्डा वाईटच होता. लाज वाटते, पण दाखवते:

"एका फोनने मला व्यवसायाबद्दल बरंच काही शिकवलं. वेळेवर पेमेंट ही केवळ आर्थिक बाब नाही, ती मूल्यांची बाब आहे. आपण इतरांकडून ज्याची अपेक्षा करतो ते आपण स्वतः करतो का? त्या रात्री मी आरशात पाहिलं."

काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "छान आहे. कुणाचं आहे?"

बघ, यात खोटं काहीच नव्हतं. प्रसंग त्यांचा, मत त्यांचं. तरी माणूस गायब. का, ते मला नंतर उमगलं. काका कधीच सारांशाने सुरुवात करत नाहीत. ते वस्तू, तारीख, माणूस यांच्यापासून निघतात. अर्थ काढायची वेळ आली की ते स्वतःवर घसरतात, 'मी पण नव्वदलाच देतो', आणि तिथेच थांबतात, समारोप करत नाहीत. माझ्या खर्ड्याने हा क्रम उलटा केला होता. धडा आधी, प्रसंग नंतर, आणि शेवटी त्यांनी जन्मात न पाहिलेला आरसा.

तू विचारतेस त्यांच्यासारखं लिहायचं म्हणजे काय, तर मी शब्दांच्या आधी हा क्रम पकडते. माणूस कुठून सुरू करतो, कुठे वळतो, कुठे गप्प बसतो. शब्द त्यानंतर. त्यासाठी मी प्रत्येक माणसाची एक छोटी वही करते. काकांच्या वहीत डाव्या पानावर ते बोलतात ते शब्द आहेत: माल, लॉट, पोरं, पार्टी, जॉब निघाला, रेट तुटला. उजव्या पानावर ते कधीच बोलत नाहीत ते: मनुष्यबळ, प्रवास, संस्कृती, परिवर्तन, टीम. उजवं पान जास्त कामाचं. 'आमची टीम' लिहिलं की काका गेले, 'आमची पोरं' लिहिलं की आले.

एक सावधगिरी. काका दर तिसऱ्या वाक्याला 'आता बघा' म्हणतात. नवशिक्या लेखनिकाला वाटतं, सापडला आवाज, आणि मग प्रत्येक पोस्ट 'आता बघा'ने सुरू होते. दोन महिन्यांत ती नक्कल होते, गॅदरिंगमधल्या शिक्षकाच्या नकलेसारखी. बोलताना लकब कानाला जाणवत नाही, कागदावर डोळ्यात खुपते. तीन-चार पोस्टमध्ये मिळून एकदा आली तरी पुरे.

मग तपासणी. काका म्हणाले होते, 'नवीन कायदा आला पंचेचाळीस दिवसांचा'. मी हे तसंच छापू शकले असते, त्यांचेच शब्द होते. पण आवाज त्यांचा म्हणून चूकही त्यांची ठेवायची, हे मला मान्य नाही. नाव त्यांचं जातं. पाहिलं तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना मुदतीत पैसे देण्याचं बंधन २००६ च्या एमएसएमईडी कायद्यातच आहे. लेखी करार असेल तर त्यात ठरलेल्या तारखेला, पण ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही. करारच नसेल तर १५ दिवस. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या ४३बी कलमात (एच) हे उपकलम घातलं आणि त्यामुळे या जुन्या बंधनाला दात आले. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच येतो. म्हणून मार्च २०२४ अखेर सगळ्यांची धावपळ झाली, आणि उद्यम नोंदणी नसलेल्याच्या बाबतीत हे बंधन लागत नाही म्हणून काकांना तो फोन आला. आणि मध्यम उद्योग या तरतुदीत येत नाहीत, तेव्हा सरसकट 'एमएसएमई' म्हणणंही चूक.

हे मी काकांना सांगितलं. मला वाटलं होतं, एक दुरुस्ती करून पुढे जाऊ. ते म्हणाले, "थांबा. म्हणजे कायदा २००६ चा आणि मला कळला २०२४ ला? तोही पार्टीला टॅक्स बसायची वेळ आली म्हणून?" रेकॉर्डर चालूच होता. हे वाक्य मला कधीच सुचलं नसतं. तपासणी म्हणजे आवाजाला कात्री लागणार अशी भीती असते. चूक परस्पर दुरुस्त केलीस तर लागतेच. माणसासमोर ठेवलीस तर तो त्यावर काहीतरी बोलतो, आणि ते बहुधा खर्ड्यातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा चांगलं असतं.

त्यातून आणखी एक निघालं. प्लेटिंगवाल्याशी त्यांचा लेखी करार नव्हता, सगळं तोंडी. म्हणजे तिथे मुदत ४५ नाही, १५ दिवसांची. काका आधी म्हणत होते, "लिहा, आता त्याला पंचेचाळीसला देतो." ते तसं गेलं असतं तर त्यांनी स्वतःच्याच पोस्टमध्ये कायदा मोडल्याची कबुली दिली असती, आणि वाचणाऱ्यांत निम्मे सीए. मी त्यांना त्यांच्या सीएंशी बोलायला लावलं. त्यांनी आधी कागद केला, मग पोस्ट. माझं वेळापत्रक तीन आठवडे लांबलं. काही बिघडलं नाही.

आता वाचून दाखवणं. खर्डा त्यांना पाठवू नकोस, वाचून दाखव. पाठवलेल्या मजकुरावर माणूस गाडीतून अंगठा दाखवून मोकळा होतो. मोठ्याने वाचलं की तो मध्येच तोडतो, "असं नाही, असं." ते 'असं' म्हणजे तुझं पुढचं वाक्य, तिथल्या तिथे लिहून घे. काकांनी मला तीनदा तोडलं. पहिल्यांदा 'नवीन पोरगा होता' या शब्दांवर. म्हणाले, "हे काढा. त्या पार्टीकडे अकाउंट्सला नवीन पोरगा एकच आहे. नोकरी जाईल त्याची." मी ग्राहकाचं नाव टाळलं होतं, किती वर्षं काम करताहेत ते टाळलं होतं, कुठला भाग बनवून देतात तेही टाळलं होतं. पोरगा सुटला होता. तारीखही मग 'मार्चमध्ये' एवढीच ठेवली आणि पोस्ट ऑगस्टमध्ये टाकायची ठरली, म्हणजे कुणी कॅलेंडर काढून बसणार नाही. भोसरी-चाकण पट्टा एका गावासारखा आहे. कंपनीचं नाव न लिहूनही ती ओळखू येते, तेव्हा 'वाचून कुणाला ओळखू येईल?' हा प्रश्न दरवेळी मोठ्याने विचार. उत्तर मालकालाच ठाऊक असतं, तुला नाही.

दुसऱ्यांदा त्यांनी शेवटावर तोडलं. मी लिहिलं होतं, 'आता त्याला वेळेवर पैसे देतो.' ते म्हणाले, "दोनदा चुकलंय हो. तो वाचतो." मी म्हटलं, मग घालू? "घाला." तिसऱ्यांदा एका विरामावर तोडलं, ते इथे सांगण्यासारखं नाही, पण बरोबर त्यांचंच होतं.

जी पोस्ट गेली ती अशी:

"मार्चमध्ये एका पार्टीकडून फोन आला. पलीकडचा माणूस मला काका म्हणतो. म्हणाला, काका, तुमचं उद्यम सर्टिफिकेट रद्द करता येईल का?

मी म्हटलं, का रे बाबा?

नाहीतर एप्रिलपासून ऑर्डर दुसरीकडे जाईल, असं साहेब म्हणतात.

मी 'बघतो' म्हणालो. बघतो म्हणजे घाबरलो होतो.

छोट्या कारखान्याला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्या, हा कायदा २००६ चा आहे. मला तो २०२४ ला कळला. तोही पार्टीला टॅक्स बसायची वेळ आली म्हणून.

रात्री झोप लागेना. ऑर्डरमुळे नाही. आमचा प्लेटिंगवाला आठवला. त्याचं बिल मी नव्वद दिवसांनी देत होतो. त्याचं उद्यम आहे का, कधी विचारलं पण नव्हतं.

मग एकदा विचारलं. आहे म्हणाला.

आता कागदावर लिहून ४५ दिवस ठरवलेत. कागद नसता तर पंधराच मिळतात, हे पण तेव्हाच कळलं.

चार महिन्यांत दोनदा चुकलो. मोठ्या पार्टीला बोलायला अजून तोंड नाही."

यात माझं काय आहे? क्रम थोडा सावरला, चार वाक्यं जोडली, बरंच काढलं. एकही प्रसंग माझा नाही, एकही मत माझं नाही, आणि 'कधी विचारलं पण नव्हतं' मधला 'पण' मी मुद्दाम ठेवला. माझ्यातली व्याकरणवाली बाई तिथे 'विचारलंही नव्हतं' करायला उठली होती, तिला खाली बसवलं. प्रमाण मराठीचा आग्रह तुलाही असेल तर तो स्वतःच्या लिखाणासाठी राख.

काही वाचकांनी काकांना विचारलं, मग ऑर्डर गेली का? नाही गेली. का नाही गेली, ते काकांनाही माहीत नाही. पोस्टमध्ये मी ते मुद्दाम घातलं नव्हतं. घातलं असतं तर 'डगमगलो नाही, जिंकलो' अशी गोष्ट झाली असती, आणि काका तर डगमगले होते. विचारणाऱ्यांना त्यांनी स्वतः उत्तर दिलं, दोन शब्दांत. पोस्टखालची उत्तरं दादांनीच द्यायची, हे आताच ठरवून घे. तिथे तू त्यांच्या नावाने बोलायला लागलीस की ओळखीचा माणूस आणि अनोळखी आवाज समोरासमोर येतात.

लांबीचं विचारलं नाहीस, पण नव्याने मराठीत लिहिणारे इथे अडकतात म्हणून सांगते. लिंक्डइनवर एका पोस्टला ३००० अक्षरांची मर्यादा आहे आणि त्यात आपली काना-मात्रा-वेलांटी प्रत्येकी वेगळी मोजली जाते. 'मी' म्हणजे दोन. तेव्हा इंग्रजी पोस्टच्या अंदाजाने लिहिलंस तर शेवटी कापाकापी करावी लागेल. काकांच्या पोस्ट मर्यादेच्या निम्म्यातही बसतात. सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात, बाकीचं उघडावं लागतं, हे खरं. पण म्हणून पहिल्या ओळीत फटाका लावू नकोस. 'माझ्या आयुष्यातली सर्वात मोठी चूक' अशी ओळ दादांच्या नावाखाली दिसली की थोरल्या भावाचा पुन्हा फोन येईल.

दादांना एखाद्या विषयावर मतच नसेल तर? सुटे भाग बनवणाऱ्या माणसाला इलेक्ट्रिक गाड्यांपासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत सगळ्यावर मत हवं, असं थॉट लीडरशिपच्या नावाखाली कुणीतरी पसरवलंय. नसेल तर लिहू नये. आणि आहे की नाही हे कळत नसेल तर मी एक करते. त्या विषयावरची दोन उलट वाक्यं त्यांना वाचून दाखवते. ज्या वाक्यावर ते चिडतात तिथे मत आहे. दोन्हींवर 'हो, बरोबर आहे' आलं तर विषय बाजूला. इलेक्ट्रिक गाड्यांवर काका दोन्हींना हो म्हणाले. मग मी विचारलं, तुमचा कुठला भाग इलेक्ट्रिक गाडीत लागणार नाही? तेव्हा जे बोलले ते पाच पानं भरलं.

त्यांचं मत तुला पटलं नाही, तर ते जमेल तितकं भक्कम करून लिही. पगारावरून, युनियनवरून, शिकाऊ पोरांवरून असे प्रसंग येतीलच. न पटणारं मत लेखणीने हळूच मऊ करणं ही मला दागिन्यांच्या जातीचीच लबाडी वाटते. कुणावर खोटा आळ येत असेल तर मात्र स्पष्ट नाही म्हण.

राहिलं पहिलं मशीन. आईने दागिने ठेवले नाहीत, हे आता सगळ्या घराला माहीत आहे. पण मशीन तर आलं होतं, म्हणजे पैसे कुठून तरी आले. येत्या गुरुवारी जा, थोरल्या भावालाही बोलव, आणि दादांना नाही, भावाला विचार: मशीन टेम्पोतून उतरवलं त्या दिवशी तिथे कोण कोण होतं? मग गप्प बस. दोघं भाऊ एकमेकांचं खोडून काढायला लागतील. रेकॉर्डर आधीच चालू करून ठेव.

— ताई